मिशेल मरताना काय म्हणाला?

पॅरिसच्या मोंपार्नास भागातल्या एका सरळसोट रस्त्यावरून पाठीत गोळी लागलेला एक तरुण धावतोय. धावतोय म्हणजे झोकांड्या खात पुढे पुढे जातोय, आणि कॅमेरा त्याच्या मागे आहे. रस्ता जिथे मोठ्या हमरस्त्याला मिळतो तिथे तो कोसळतो. त्याची प्रेयसी धावत येते, पोलीस येतात, सगळे उभ्यानेच वाकून त्याच्याकडे बघतात. तो तोंड वेडंवाकडं करतो, एक वाक्य पुटपुटतो, स्वतःच्या हाताने स्वतःचे डोळे मिटतो आणि मरतो. प्रेयसी विचारते, तो काय म्हणाला? इन्स्पेक्टर सांगतो. ती विचारते, त्या शब्दाचा अर्थ काय? तिला उत्तर मिळत नाही. चित्रपट संपतो.

ज्याँ-ल्यूक गोदारचा हा पहिला मोठा चित्रपट १९६० साली पॅरिसमध्ये लागला. इंग्रजीत त्याला ‘ब्रेथलेस’ म्हणतात. मिशेल हा गाड्या चोरणारा भुरटा. मार्सेयहून पॅरिसला येताना तो एका पोलिसाला गोळी घालतो. पॅट्रिशिया ही अमेरिकन मुलगी. शाँझेलिझेवर ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’ विकते. मिशेलला तिला घेऊन रोमला पळायचंय. शेवटी तीच पोलिसांना त्याचा ठावठिकाणा कळवते, आणि कळवल्याचं त्याला सांगतेही. मिशेलचं काम ज्याँ-पॉल बेलमाँदोने केलंय, पॅट्रिशियाचं जीन सीबर्गने. जगभरच्या फिल्म सोसायट्यांमध्ये हा चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवला जातो आणि शेवटच्या त्या एका शब्दापाशी प्रत्येक भाषेतला सबटायटलकार अडतो.

या लेखातली सबटायटल करणारी बाई काल्पनिक आहे. तिच्यासमोरचा चित्रपट, त्यातला शब्द आणि तिच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. तिला एका फिल्म क्लबसाठी मराठी सबटायटल्स करायची आहेत. नव्वद मिनिटांच्या चित्रपटातली बाकीची सगळी वाक्यं करून झाली आहेत. रात्रीचे अकरा वाजलेत, शेवटची चार वाक्यं उरली आहेत आणि सकाळी फाईल द्यायची आहे.

फ्रेंचमधला तो शब्द ‘देगलास’. मिशेल म्हणतो, ‘से व्रेमाँ देगलास’. यातला ‘व्रेमाँ’ म्हणजे ‘खरंच’, आणि ‘से’ म्हणजे ‘हे आहे’. राहिला तो शब्द. जनावराच्या तोंडाला, थोबाडाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याच्यापासून ‘ओकणं’ या अर्थाचं एक रांगडं क्रियापद झालं, आणि त्याला तुच्छतेचा प्रत्यय लागून हे विशेषण झालं. म्हणजे ओक येईल इतकं घाणेरडं. अन्न देगलास असू शकतं, हवा असू शकते, वागणं असू शकतं, माणूसही असू शकतो. बाईला उद्देशून नाम म्हणून वापरला तर ती सरळ शिवी होते, पण शब्दाचं रूप तेच राहतं, लिंगाप्रमाणे बदलत नाही.

फ्रेंच शिकवणाऱ्या मैत्रिणीला तिने फोन लावला. मैत्रीण म्हणाली, “अगं, आता हा शब्द शाळेतली पोरंसुद्धा न आवडणाऱ्या भाजीला वापरतात. तेव्हा त्याला जास्त धार होती. रस्त्यावरचा शब्द होता, चार लोकांत कुणी म्हणत नसे. पण आईबहिणीवरून दिलेली शिवी नाही हं ही. तू उगाच तिखट करू नकोस.”

ही सूचना महत्त्वाची होती, कारण सबटायटलमधल्या शिवीचा एक स्वभाव असा की ती कानापेक्षा डोळ्याला जास्त लागते. बोललेली शिवी हवेत विरते. लिहिलेली पडद्यावर दोन सेकंद उभी राहते आणि सगळं सभागृह एकाच वेळी तिच्याकडे बघत असतं. त्यामुळे मूळ शब्दाच्या तोडीची शिवी लिहिली तरी ती वाचताना एक पायरी वरची वाटते. अनुभवी सबटायटलकार म्हणूनच शिवी थोडी उतरवून लिहितात. तिने कच्च्या यादीतून ‘हरामी’ आणि ‘हरामखोर’ लगेच काढून टाकले. ते शब्द माणसाच्या जन्मावर आणि इमानावर बोट ठेवतात. मिशेलच्या शब्दात किळस आहे, आणि तो मुळात कुणा माणसाविषयी बोलतोय की नाही हेच नक्की नाही.

खरी गोम इथेच आहे. तो शब्द एकदा येत नाही, तीनदा येतो, आणि तीन तोंडांतून येतो.

पहिल्यांदा मिशेल म्हणतो, ‘हे खरंच देगलास आहे’. ‘हे’ म्हणजे काय ते सांगत नाही. असं मरणं? तिने केलेला दगा? एकूण जग? दुसऱ्यांदा इन्स्पेक्टर व्हिताल तेच वाक्य पॅट्रिशियाला सांगतो, पण सांगताना बदलतो: ‘तो म्हणाला, तुम्ही खरंच एक देगलास आहात’. ‘हे’च्या जागी ‘तुम्ही’ आलं. विशेषणाचं नाम झालं. कुणालाही न चिकटलेला शब्द त्याने तिच्या अंगावर फेकला. त्याने चुकून ऐकलं की मुद्दाम बदललं, हे चित्रपट सांगत नाही. तिसऱ्यांदा पॅट्रिशिया तोच शब्द उचलून विचारते, ‘देगलास म्हणजे काय?’ आणि मिशेल सारखा करायचा तसा अंगठा ओठांवरून फिरवते. मिशेलने ही लकब हम्फ्री बोगार्टवरून उचललेली असते.

म्हणजे मराठी शब्दाला तीन परीक्षा द्यायच्या आहेत. मरणाऱ्या माणसाने स्वतःशी काढलेला उद्गार म्हणून तो शोभला पाहिजे. बाईला तोंडावर म्हटला तर अपमान झाला पाहिजे. आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्या परदेशी मुलीला तो माहीत नसणं पटलं पाहिजे. पॅट्रिशिया चित्रपटभर फ्रेंच शब्दांचे अर्थ विचारत असते. अगदी सुरुवातीला मिशेल राशिभविष्याचा उल्लेख करतो तेव्हाही ती विचारते की ते काय असतं, आणि तो सांगतो, भविष्य. तिची ही सवय प्रेक्षकाच्या ओळखीची झालेली असते. म्हणून शेवटच्या प्रश्नाला हसू येत नाही, तो आत कुठेतरी बोचतो. तिला शब्द खरंच कळला नाही, की कळून घ्यायचा नाही, हे प्रेक्षकाने ठरवायचं.

तीनही वेळा शब्द एकच असला पाहिजे, आणि त्याला आणखी एक साधं कारण आहे. सबटायटल हे असं भाषांतर आहे की ज्याच्या शेजारी मूळ वाक्य त्याच क्षणी ऐकू येत असतं. फ्रेंचचा गंध नसलेल्या माणसालाही ‘देगलास’ हा आवाज काही सेकंदांत तीनदा ऐकू जातो. खाली तीन वेगळे शब्द दिसले की त्याला लगेच कळतं, इथे काहीतरी सांधलंय.

क्लबने तिला चित्रपटासोबत एक इंग्रजी फाईलही पाठवली होती. हा या धंद्यातला रोजचा रिवाज आहे. मूळ भाषा कोणतीही असो, एक इंग्रजी फाईल वेळा बांधून तयार असते आणि तिच्यावरून इतर भाषांची सबटायटल्स होतात. काम झटपट होतं, पण इंग्रजीत जे सांडलं ते पुढच्या कुठल्याच भाषेत भरून येत नाही. या चित्रपटापुरतं ते सांडणं डोळ्यांनी बघता येतं. २००१ च्या अमेरिकन डीव्हीडीवर मिशेलच्या तोंडी ‘डिसगस्टिंग’ आहे आणि इन्स्पेक्टरच्या तोंडी ‘स्कमबॅग’. पहिला शब्द परिस्थितीला, दुसरा माणसाला. दोन्ही आपापल्या जागी चपखल. पण शब्द वेगळे झाल्यामुळे इन्स्पेक्टरने एक अख्खं नवं वाक्यच रचलं असं वाटतं, आणि मूळ वाक्यात किंचित फिरवाफिरव करून केलेली लबाडी दिसेनाशी होते. २००७ साली क्रायटेरियन कंपनीने काढलेल्या आवृत्तीत तीनही ठिकाणी ‘प्यूक’, म्हणजे ओकणं, हा शब्द धरला. मिशेल म्हणतो, यामुळे ओकावंसं वाटतं; इन्स्पेक्टर म्हणतो, तुमच्यामुळे त्याला ओकावंसं वाटतं; पॅट्रिशिया विचारते, ‘प्यूक’ म्हणजे काय? पुनरुक्ती परत आली. मात्र ‘प्यूक’ इंग्रजी आहे आणि पॅट्रिशिया अमेरिकन. तिला हा शब्द माहीत नाही, हे पचवायला प्रेक्षकाला थोडी कसरत करावी लागते.

इंग्रजीची ही अडचण मराठीला नाही. मराठी प्रेक्षक हा करार आधीच मान्य करून बसलेला असतो की पडद्यावरची मराठी म्हणजे फ्रेंच. त्या मराठीत पॅट्रिशिया परकी आहे, एवढं पुरे.

तिने आधी मिशेलचं वाक्य पुन्हा ऐकलं. हेडफोन लावून, वेग कमी करून. बेलमाँदोचा आवाज श्वासात अडकलेला आहे. काहींना तिथे ‘हे आहे’ ऐकू येतं, काहींना ‘तू आहेस’. फ्रेंचमध्ये बोलताना या दोन्हींत फक्त सुरुवातीच्या एका व्यंजनाचा फरक उरतो, आणि अभ्यासकांनी यावर बरीच शाई खर्च केली आहे. अशा वेळी सबटायटलकार ओठ बघून खात्री करतो. इथे त्याचा उपयोग नाही. हा चित्रपट शूटिंगच्या वेळी आवाज न घेता चित्रित केला. छायाचित्रकार राऊल कुतारच्या हातातला कॅमेरा हलका होता, पण त्याचा खडखडाट मोठा होता. संवाद नंतर स्टुडिओत बसून भरले. ओठ एक सांगतात आणि आवाज दुसऱ्याच दिवशीचा, हे चित्रपटात अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे ‘हे’ की ‘तू’ हा निकाल ओठांवरून लागत नाही. छापील संवादांमध्ये ‘हे’ आहे. तिने तेच धरलं, पण शंका मनात ठेवली. ती शंका तिला पुढे उपयोगी पडली.

मग शब्द एकेक करून त्या तीन जागी बसवून बघणं सुरू झालं.

‘किळसवाणं’ हा कोशातला पहिला पर्याय. अर्थ अचूक आहे. पण मराठी विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलतं: मिशेलचं ‘किळसवाणं’, इन्स्पेक्टरचं ‘तुम्ही किळसवाण्या आहात’, आणि पॅट्रिशियाने विचारायचं ते कोणतं? तिने नुकतंच ‘किळसवाण्या’ ऐकलंय. ‘किळसवाण्या म्हणजे काय’ असं कुणी विचारत नाही, आणि ‘किळसवाणं म्हणजे काय’ म्हटलं तर तिला व्याकरण येतं पण शब्द येत नाही असा विचित्र प्रकार होतो. शिवाय शब्द पुस्तकी आहे. गाड्या चोरणारा माणूस मरताना इतकं नीट बोलत नाही.

‘हलकट’ची अडचण उलटी आहे. त्याचं रूप बदलत नाही, तोंडात बसतो, बाईला म्हटला तर झोंबतो. पण हलकटपणा ही माणसाची गोष्ट आहे, किंवा फार तर त्याच्या कृत्याची. मिशेलने नुसतं ‘खरंच, हलकट’ म्हटलं की प्रेक्षकाची नजर तडक पॅट्रिशियाकडे जाते. मग इन्स्पेक्टरला बदलायला काही उरतच नाही.

‘वंगाळ’ तिला क्षणभर फार आवडला. रूप बदलत नाही, वस्तूला चालतो, माणसाला चालतो, आणि परक्याला माहीत नसणं सहज पटतं. पण तो शब्द आला की त्याच्यामागून त्याचं गाव येतं. मिशेल पॅरिसच्या फुटपाथवरून उठून घाटावरच्या पारावर जाऊन पडला असता. बोलीतला शब्द वापरायचा तर आधीच्या नव्वद मिनिटांत मिशेल त्याच बोलीत बोललेला असायला हवा. शेवटच्या मिनिटाला त्याची भाषा बदलता येत नाही.

‘घाण’ जवळजवळ ठरला होता. ‘नुसती घाण आहे’ हे मरणारा माणूस म्हणू शकतो. ‘तुम्ही घाण आहात’ हेही लागतं. पण ‘घाण म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारायला माणूस मराठीत पहिल्या दिवशीचा असावा लागतो. लहान मूल चालायला लागतं तेव्हापासून हा शब्द ऐकतं. पॅट्रिशिया पॅरिसमध्ये राहते, तिथे शिकायचा तिचा बेत आहे, ती वर्तमानपत्रात लिहायचं म्हणते. तिने ‘घाण’चा अर्थ विचारला तर प्रेक्षकाला तो भाषेचा प्रश्न वाटणार नाही, तत्त्वज्ञानाचा वाटेल.

राहिले दोन: ‘ओकारी’ आणि ‘गलिच्छ’.

‘ओकारी’मागे मूळ शब्दाचीच कल्पना होती. शिवाय शब्दात तोंड होतं, आणि पॅट्रिशिया शेवटी ओठांवरून अंगठा फिरवते ते बघता हे छान जुळत होतं. सभ्य मराठी शिकलेल्या परक्याला ‘उलटी’ माहीत असेल, ‘ओकारी’ नसेल, हेही पटण्यासारखं. तिने वाक्यं लिहिली: ‘ओकारी येते, खरंच.’ ‘तो म्हणाला, तुम्हाला बघून ओकारी येते.’ ‘ओकारी म्हणजे काय?’

आपणच लिहिलेलं आपण तपासू शकत नाही. पन्नास वेळा बघितलेला प्रसंग डोळा वाचतच नाही. म्हणून चित्रपट न पाहिलेलं माणूस पकडून आणावं लागतं. सासूबाई जाग्या होत्या.

“आई, जरा दोन मिनिटं बघता का? शेवट आहे. याला पोलिसांनी गोळी घातलीय आणि हिनेच पोलिसांना कळवलं होतं.”

सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, त्याला पाठीत गोळी लागलीय ना? मग ओकारी कशाने येतेय?”

एवढं पुरेसं होतं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘ओकारी येते’ आलं की ते शरीराचं लक्षण होतं, मत राहत नाही. ‘प्यूक’मध्येही हाच धोका आहे. घरात एका माणसाला जी शंका आली ती सभागृहात एका कोपऱ्यातून हसू होऊन येते, आणि त्या क्षणाला हसू आलं की चित्रपटाचा शेवट गेला.

‘गलिच्छ’ तिने आधी बाजूला ठेवला होता, कारण तो वर्तमानपत्री वाटत होता. गलिच्छ राजकारण, गलिच्छ वस्ती, गलिच्छ आरोप. पण तीन जागी बसवून बघितल्यावर त्याचं बळ दिसायला लागलं. रूप बदलत नाही. रस्ता गलिच्छ असतो, व्यवहार गलिच्छ असतो आणि माणूसही गलिच्छ असतो, म्हणजे ‘हे’पासून ‘तुम्ही’पर्यंतची उडी तो मारू शकतो. कुणाला तोंडावर ‘तुम्ही गलिच्छ आहात’ म्हटलं तर ऐकणारा गप्प होईल. रोजच्या भाजीबाजारात लागणारा शब्द नसल्यामुळे शिकाऊ माणसाला तो माहीत नसू शकतो. आणि शेवटचं ‘च्छ’ म्हणताना तोंडातून जो वारा निघतो तो थुंकण्याच्या जवळ जातो. हा शेवटचा फायदा वाचणाऱ्यासाठी तसा अर्धाच, पण सबटायटल वाचताना बहुतेक माणसं मनातल्या मनात उच्चारतात.

आता वाक्यं. तिने आधी ‘हे खरंच गलिच्छ आहे’ लिहिलं होतं. वाक्य निबंधातलं झालं. तेव्हा ‘हे’ की ‘तू’ची ती शंका परत आली. ‘आहे’ लिहिलं की ‘तू’ बाद होतं, ‘आहेस’ लिहिलं की ‘हे’ बाद होतं. मराठीत दोन्ही गाळता येतात. तिने कर्ता काढला, क्रियापद काढलं. ‘खरंच... गलिच्छ.’ एवढंच उरलं. आता तो परिस्थितीला म्हणतोय की तिला, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मूळ आवाजात श्वासामुळे आलेला धूसरपणा इथे व्याकरणाने आला.

आणि याचा परिणाम पुढच्या वाक्यावर झाला. इन्स्पेक्टर म्हणतो, ‘तो म्हणाला, तुम्ही खरंच गलिच्छ आहात.’ मिशेलच्या दोन शब्दांत त्याने ‘तुम्ही’ आणि ‘आहात’ हे आपल्या पदरचे दोन घातले, हे आता लिहिलेलं दिसतं. शिवाय ‘तुम्ही’ने आणखी एक काम केलं. चित्रपटात मिशेल पॅट्रिशियाशी बहुतेक वेळा ‘तू’नेच बोलतो. इन्स्पेक्टर मात्र मिशेलचे शब्द म्हणून सांगताना ‘तुम्ही’ म्हणतो. इंग्रजीला हा फरक दाखवता येत नाही, कारण तिथे दोघांनाही ‘यू’. मराठी वाचकाला तो विनासायास कळतो: मिशेल हिला ‘तुम्ही’ कशाला म्हणेल? हे वाक्य पोलिसाचं आहे.

शब्द ठरल्यावर उरलं ते मोजमाप. एक सबटायटल पडद्यावर साधारण एका सेकंदापेक्षा कमी राहिलं तर डोळ्याला नुसती चमक जाणवते, आणि सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त राहिलं तर माणूस तेच पुन्हा वाचायला लागतो. मधल्या वेळेत किती अक्षरं मावतील याचा हिशेब सॉफ्टवेअर करतं. रोमन लिपीत सेकंदाला सतराच्या आसपास अक्षरं असा एक रूढ ठोकताळा आहे. देवनागरीत हा ठोकताळा फसवा ठरतो. संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो. ‘गलिच्छ’ आपल्या डोळ्याला तीन अक्षरं, संगणकाला सहा. इन्स्पेक्टरचं वाक्य आपल्याला पंधरा अक्षरांचं, तर संगणकाला मधल्या जागा आणि विरामचिन्हं धरून ३६ खुणांचं. रोमन लिपीचा नियम जसाच्या तसा लावला की सॉफ्टवेअर लाल रंग दाखवून वाक्य छाटायला सांगतं, आणि नवखा सबटायटलकार घाबरून ‘खरंच’ उडवतो. इथे ते ‘खरंच’ दोन्ही वाक्यांत हवंच होतं. तेच सांगतं की इन्स्पेक्टर मिशेलचंच वाक्य उचलतोय. सुदैवाने या प्रसंगात बोलणं संथ आहे, प्रत्येक वाक्यामागे पुरेशी शांतता आहे, त्यामुळे काही छाटावं लागलं नाही.

वेळा बांधताना तिने दोन गोष्टी सांभाळल्या. मिशेलचं सबटायटल त्याचा हात डोळ्यांवर जायच्या आत गेलं पाहिजे. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याचे शब्द रेंगाळू द्यायचे नाहीत. आणि पॅट्रिशियाचा प्रश्न विचारून झाला की अक्षरं लगेच जायला हवीत, कारण ती त्यानंतर थेट कॅमेऱ्यात बघते आणि पाठ फिरवते. तो चेहरा प्रेक्षकाला मोकळा मिळायला हवा. चित्रपट कृष्णधवल आहे आणि रस्त्यावर भरपूर उजेड आहे. पांढरी अक्षरं उजळ रस्त्यावर विरघळतात म्हणून तिने त्यांना काळी कड दिली. पूर्वी ही सोय नव्हती. फिल्मच्या रिळावर सबटायटलं रसायनाने किंवा ठशाने कोरत असत, म्हणजे पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसता दिव्याचा प्रकाश दिसे. पांढऱ्या शर्टावर ओळ आली की ती गेलीच. आणि एकदा कोरलेला शब्द त्या रिळावर कायमचा. फाईल मात्र उद्याही बदलता येते.

रात्री दीडला फाईलचा शेवट असा दिसत होता. वेळा इथे नमुन्यापुरत्या, शेवटच्या प्रसंगापासून मोजलेल्या दिल्या आहेत.

```
1
00:00:02,000 --> 00:00:04,000
खरंच... गलिच्छ.

2
00:00:12,500 --> 00:00:14,000
काय म्हणाला तो?

3
00:00:15,000 --> 00:00:18,000
तो म्हणाला, ‘तुम्ही खरंच गलिच्छ आहात.’

4
00:00:22,000 --> 00:00:24,000
गलिच्छ म्हणजे काय?
```

सासूबाईंना तिने पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी विचारलं, “तिला म्हणाला का तो? की असंच, एकूण?” तिने उत्तर दिलं नाही. नंतर इन्स्पेक्टरचं वाक्य आलं तशा त्या म्हणाल्या, “हा मेला आपल्या मनचं सांगतोय.” फाईल तपासायची ती एवढ्यासाठीच. प्रेक्षकाला योग्य जागी शंका आली, तर सबटायटल नीट बसलंय.

नुकसान झालंच. मूळ शब्दातलं थोबाड गेलं, ओकणं गेलं, आणि त्यासोबत त्या शब्दाचं ओठांशी असलेलं नातंही गेलं. ‘गलिच्छ’ म्हणून पॅट्रिशियाने ओठांवर अंगठा फिरवला तर ती फक्त मिशेलची नक्कल उरते; ‘ओकारी’ म्हणून फिरवला असता तर त्याला आणखी एक अर्थ चिकटला असता. शिवाय ‘गलिच्छ’ हा ‘देगलास’पेक्षा थोडा धुतलेला शब्द आहे. रस्त्यावरच्या पोराच्या तोंडी तो किंचित मोठा होतो. हे तिला माहीत होतं. कुठलं नुकसान परवडेल एवढंच ठरवायचं होतं, आणि तिने शब्दाचा रंग सोडून त्याचं तीनदा येणं राखलं. चित्रपटाचा शेवट त्या तीनदा येण्यावर उभा आहे. एका माणसाचं वाक्य दुसऱ्याने बदलून तिसऱ्याला सांगितलं, आणि तिसऱ्याला ते कळलं नाही, ही त्या शेवटच्या मिनिटातली गोष्ट आहे.

हा चित्रपट तुम्ही इंग्रजी, हिंदी किंवा मराठी, कुठल्याही सबटायटल्ससह बघाल तेव्हा शेवटी दोन गोष्टी तपासा. तिन्ही माणसांच्या ओळीत शब्द तोच आहे का? आणि मिशेलच्या वाक्यात नसलेलं काय इन्स्पेक्टरच्या वाक्यात आलंय? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरं तुम्हाला सापडायचं नाही, आणि मिशेल पॅट्रिशियाला शिवी देऊन मेला असं समजूनच तुम्ही घरी जाल. इन्स्पेक्टरला तेच हवं आहे.